ओल वरून येत नव्हती

आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला आहे. इमारत 1992 ची, तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. भिंतीतल्या एका गळतीपायी आमचे साडेचार महिने गेले. त्यातले पहिले अडीच महिने आम्ही चुकीच्या जागी शोधत होतो, आणि त्याचा भुर्दंड वरच्या मजल्यावरच्या माणसांना बसला. ज्यांच्या घरात आत्ता असा डाग उमटला असेल त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं तारीखवार लिहिते आहे.

14 जानेवारी 2024, रविवार. संक्रांतीच्या आदल्या दिवशी बेडरूमचं कपाट सरकवून झाडताना मागच्या भिंतीवर वरच्या कोपऱ्यात ताटाएवढा पिवळसर डाग दिसला. छताला अगदी लागून. हात लावला तर गार आणि दमट. त्या भिंतीच्या पलीकडे आमचं बाथरूम, आणि बाथरूमच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावरच्यांचं बाथरूम. पावसाळा संपून तीन महिने झाले होते, म्हणजे पावसाचं पाणी नव्हतं. मग राहिलं काय? वरच्यांचं बाथरूम. मी एका मिनिटात निकाल लावून मोकळी झाले.

त्या दिवशी एक गोष्ट मात्र बरी केली. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. दर रविवारी नवी रेघ. पुढे या रेघांचा फार उपयोग झाला. तुमच्याकडे ओल दिसली तर आधी हे करा, फोटोत डाग वाढला की नाही ते कळत नाही.

ओळखीच्यांनी सुचवलेला एक प्लंबर आला, वर पाहिलं, दोन मिनिटांत म्हणाला, "वरच्यांचं वॉटरप्रूफिंग गेलंय." 500 रुपये घेतले आणि गेला. भिंतीला त्याने हातही लावला नाही.

23 जानेवारीला सोसायटीला पत्र दिलं. पत्र दोन प्रतींत द्या, एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या, सोबत फोटो जोडा. ती पोच नसेल तर तीन आठवड्यांनी "तुमचं पत्र कधी आलं?" इथपासून सुरुवात होते. 4 फेब्रुवारीच्या कमिटीच्या बैठकीत विषय आला. सेक्रेटरींनी उपविधी वाचून दाखवले: पावसाचं पाणी, बाहेरच्या सामाईक पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी यांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती ज्याची त्याने. म्हणजे गळती कुठली हे ठरल्याशिवाय खर्च कोणाचा हे ठरत नाही. आणि गळती कुठली हे खरं तर कोणी शोधलंच नव्हतं. मी सांगितलं, प्लंबर तसं म्हणाला, डागही छताला लागून होता, तेवढ्यावर तिसऱ्या मजल्याला दुरुस्तीचं पत्र गेलं.

वर निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी राहतात. आम्ही त्यांना काका-काकू म्हणतो. काका पत्र घेऊन खाली आले, डाग पाहिला आणि म्हणाले, "आमच्यामुळे तुम्हाला त्रास नको." 12 फेब्रुवारीला त्यांच्या बाथरूमची फरशी फुटली. नहाणी ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंग केलं, पाणी तुंबवून पाहिलं, नव्या टाइल्स बसल्या. 1 मार्चला काम संपलं. 38,000 रुपये खर्च आला. त्या अठरा दिवसांत काकू आंघोळीला आमच्याकडे येत होत्या.

17 मार्चची पेन्सिलची रेघ 3 मार्चच्या रेघेच्या चार बोटं बाहेर होती.

ती रेघ मारताना माझे हात थरथरत होते. काम नीट झालेलं नाही, असं काकांना सांगायचं? की आधी कोणाला तरी नीट दाखवायचं? दोन दिवस मी कोणालाच काही बोलले नाही. मग आमच्या दूधवाल्यांनी एका मिस्त्रींचं नाव सांगितलं. साठीचे गृहस्थ, चाळीस वर्षं नळकाम केलेले. 26 मार्चला, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, ते आले. बरोबर अठरा-एकोणीस वर्षांचा एक शिडशिडीत मुलगा होता. आयटीआयचा प्लंबरचा एक वर्षाचा कोर्स करून मिस्त्रींच्या हाताखाली सात-आठ महिने झालेला. मिस्त्री त्याला बारक्या म्हणत, तो मिस्त्रींना मामा.

मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला तो आजवर कोणी विचारला नव्हता. "ताई, डाग सकाळी जास्त ओला असतो, की सारखाच?"

मी रेघा दाखवल्या. सारखाच होता. वरच्यांचं बाथरूम अठरा दिवस बंद होतं तेव्हाही सारखाच वाढत होता. "मग हे सांडपाणी नाही," मिस्त्री म्हणाले. सांडपाण्याची गळती माणसांच्या वापरावर चालते. सकाळच्या आंघोळी झाल्या की वाढते, दुपारी कमी होते, घर बंद असेल तर थांबते. जी गळती रात्रंदिवस एकसारखी चालू असते ती नळाच्या लाइनची, कारण त्या पाइपात टाकीचं पाणी चोवीस तास उभं असतं. हा एवढा फरक जानेवारीत मला माहीत असता तर काकांची फरशी वाचली असती.

बारक्या तोवर डागाकडे पाहत उभा होता. डागाच्या वरच्या कडेला लोणा धरला होता, पांढरी भुकटी. त्याने नखाने ती जरा खरवडली. "काकू, पाणी इथं संपतंय," तो मला म्हणाला. मला कळलं नाही. मग त्याने समजावलं. वीट आणि प्लास्टर दिव्याच्या वातीसारखं पाणी ओढतात, वरच्या बाजूलासुद्धा, हात-दीड हात सहज. जिथे ते पाणी वाळतं तिथे त्यातलं मीठ मागे राहतं. लोण्याची कड म्हणजे पाणी पोचलेलं शेवटचं टोक. ते निघालंय कुठून, हे ती कड सांगत नाही. छताला लागलेला डाग पाहून आम्ही सगळ्यांनी मान वर केली होती, आणि पाणी कदाचित खालून वर चढत होतं.

आमच्याकडे पाण्याची लाइन मागच्या डक्टमधून बाथरूमच्या भिंतीत शिरते आणि माळ्याच्या उंचीवरून, म्हणजे साधारण आठ फुटांवरून, भिंतीच्या आतून स्वयंपाकघराकडे जाते. जुना जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, सूत-सफेदा लावून आवळलेले जोड. नकाशा कोणाकडे नाही. आख्खी भिंत फोडायची नसेल तर नेमकी जागा हवी. मिस्त्री म्हणाले, "रात्री येतो. ऐकायला लागेल."

ऐकण्यामागचं कारण त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. दाबाखालचं पाणी बारीक भोकातून निघताना सूं असा आवाज करतं आणि लोखंडी पाइप तो आवाज लांबवर नेतो. नगरपालिकेचे जुने लाइनमन रात्री रस्त्यावरच्या व्हॉल्व्हवर लोखंडी सळई टेकवून तिला कान लावत. मिस्त्री त्यांच्याकडूनच शिकले. प्लास्टिकच्या पाइपात हाच आवाज फूट-दोन फुटांत मरतो. आणि ड्रेनेजच्या पाइपात दाबच नसतो, त्यामुळे तिथे ऐकण्यासारखं काही नसतं. आमच्याकडे दाबही बेताचा होता. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आमच्या त्या पाइपापेक्षा जेमतेम वीस फूट वर, म्हणजे सहा मीटर. दर दहा मीटरला एक किलो दाब धरला तर आमचा दाब अर्ध्या किलोच्या थोडा वर. "आवाज असेल, पण नाजूक असेल," मिस्त्री म्हणाले, "आणि माझे कान आता त्या कामाचे राहिले नाहीत. ब्रेकर मशीनने बारीक आवाज खाल्ले. हा ऐकेल."

27 मार्चला रात्री साडेअकराला दोघे आले. सेक्रेटरींना आधी सांगून ठेवलं होतं, कारण रात्री गच्चीची किल्ली लागणार होती. टाकी भरून घेतली, पंप बंद केला. आमचा फ्रिज, पंखे, घड्याळसुद्धा बंद केलं. बारक्याकडे हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर होता, लाकडी मुठीचा. त्याचं टोक तो नळाच्या धातूवर टेकवायचा आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबायचा. डोळे मिटून, श्वास रोखून. एका जागी अर्धा मिनिट, मग मान हलवून पुढची जागा.

बाथरूमच्या नळावर त्याला आवाज मिळाला. माझ्या छातीत धडधडलं. पण त्याने लगेच बोट वर करून थांबवलं आणि संडासात गेला. फ्लशच्या टाकीचा अँगल कॉक बंद केला. आवाज गेला. आमच्या फ्लशचा बॉल कॉक नीट बसत नव्हता आणि बारीक धार सतत टाकीत पडत होती. इतकी बारीक की आम्हाला वर्षभर कळली नसेल. मिस्त्री म्हणाले, निम्म्या वेळा आवाज सापडतो तो हाच असतो आणि माणसं भलतीच भिंत फोडतात. म्हणून ऐकायच्या आधी घरातले सगळे कॉक बंद करायचे, फ्लशचा सगळ्यात आधी.

त्यानंतर काहीच ऐकू येईना. पावणेएकला खाली कोणीतरी नळ सोडला आणि सगळी लाइन घुमायला लागली. त्या रात्री काम तिथेच थांबलं. मुलगा हिरमुसला होता. जिना उतरताना म्हणाला, "मामा, नळावर ऐकून नाय चालणार. भिंतीवर ऐकायला पाहिजे."

28 मार्चला सेक्रेटरींनी आमच्या बाजूच्या तिन्ही मजल्यांना विनंती केली, रात्री साडेबारा ते दीड नळ सोडू नका, फ्लश ओढू नका. काका-काकूंनाही निरोप गेला. एव्हाना कशासाठी चाललंय ते त्यांना कळलं होतं. काका म्हणाले, "आम्ही जागेच असतो. काही लागलं तर हाक मारा."

बारक्या त्या रात्री माळ्यावर चढला. मी खालून टॉर्च धरला होता. त्याने भिंतीवर खडूने वीतभर अंतराने फुल्या मारल्या, बाथरूमच्या टोकापासून स्वयंपाकघराच्या टोकापर्यंत, एकूण अकरा. प्रत्येक फुलीवर ड्रायव्हरचं टोक टेकवून ऐकायचं. एक ते तीन, काही नाही. चौथ्या फुलीवर तो नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. पाचवी, सहावी, सातवी. मग परत सहावी. परत सातवी. मग मुठीने प्लास्टर हलकेच ठोकून पाहिलं. बाकी भिंत टणक वाजत होती, तिथे बद्द वाजलं. त्याने सहावी आणि सातवीच्या मधोमध रुपयाएवढं गोल काढलं.

"आहे," एवढंच म्हणाला.

मिस्त्रींनी वर चढून कान लावला. त्यांना काही ऐकू आलं नाही. मलाही चढवलं. मूठ कानामागे दाबली, आधी फक्त स्वतःच्या नाडीचे ठोके. मग त्यांच्या मागे, खूप दूरवर कोणी दातांवरून हवा सोडावी तसा आवाज. न थांबणारा. अडीच महिने तो या भिंतीत होता आणि आम्ही त्याच्यापासून सहा फुटांवर झोपत होतो.

मला लगेच खात्री वाटली. मुलाला वाटली नाही. त्याला पडताळा हवा होता. मिस्त्री गच्चीवर गेले आणि आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला. "लगेच नाय थांबणार, काकू," बारक्या वरून कुजबुजला, "पाइपात पाणी उभं आहे अजून." ते पाणी उतरवायचं तर खालचा नळ सोडायला हवा, आणि वरून पाइपात हवा शिरायला हवी. नाहीतर बाटली उलटी धरून तोंड दाबल्यासारखं पाणी आत अडकून राहतं. मी काकांना हाक मारली. त्यांनी वरच्या बाथरूमचा नळ उघडा ठेवला, तळमजल्यावर सेक्रेटरींनी त्यांचा उघडला. काका जिन्यातून म्हणाले, "आमचा नळ हवा ओढतोय, ऐकू येतंय." बारक्याचा कान गोलावरून हलला नव्हता. तीनेक मिनिटांनी त्याने हात वर केला: थांबला. नळ बंद केले, मिस्त्रींनी व्हॉल्व्ह हळूहळू उघडला, लाइन भरली, आणि मुलाने पुन्हा हात हलवला: आला. हे त्यांनी दोनदा केलं. दीड वाजता आम्ही सगळे आमच्या स्वयंपाकघरात चहा प्यायलो, काका-काकूसुद्धा. कोणी काही बोललं नाही, पण लाइन माझ्या घरातली होती हे सगळ्यांना समजलं होतं.

29 तारखेला सोसायटीकडे काम करण्याचा अर्ज, सोबत 5,000 रुपये अनामत. अर्जात कामाचे दिवस, मिस्त्रींचा नंबर आणि डेब्रिज कोण उचलणार हे लिहावं लागतं. तोडफोड सकाळी दहा ते एक आणि चार ते सहा. 30 मार्चला, शनिवारी, गोलावर छिन्नी लागली. वीतभर बाय वीतभर फोडलं तेवढ्यात पाइपचा कोपर दिसला. कोपराच्या खालच्या अंगाला आटे संपतात तिथे गंजाचा पापुद्रा सुटला होता. आटे पाडताना पाइपची जाडी तिथे कमी होते, म्हणून गंज आधी तिथे पार होतो. भोक डोळ्यांना जेमतेम दिसत होतं, सुईच्या टोकाएवढं. मिस्त्रींनी खाली चहाचा कप धरला. चार मिनिटांत भरला. दिवसाला पस्तीस-चाळीस लिटर. एवढं पाणी भिंतीत का दिसलं नाही? कारण बरंचसं पाइपच्या खाचेतून मागच्या डक्टमध्ये उतरत होतं. नंतर टॉर्च मारून पाहिलं तर डक्टच्या भिंतीवर मार्च महिन्यात हिरवंगार शेवाळ होतं. डक्टमध्ये डोकावायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

मला वाटलं कोपर बदलला की झालं. मिस्त्रींनी नकार दिला. बत्तीस वर्षांच्या जीआय पाइपला पाना लावून कोपर सोडवायला गेलं तर पिळा पुढच्या जोडापर्यंत जातो आणि वर्षभरात तिथे गळती लागते. त्यांनी जुनी लाइन दोन्ही टोकांना बूच मारून भिंतीतच सोडून दिली आणि सीपीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपची, नवी लाइन माळ्यावरून उघडी नेली. दिसते, पण उद्या काही झालं तर डोळ्यांनी दिसेल. 2 एप्रिलला हातपंपाने लाइनमध्ये सहा किलो दाब भरला आणि तासभर काटा पाहिला. हलला नाही. त्यानंतरच मिस्त्रींनी भिंतीतलं भगदाड बुजवायला घेतलं. चाचणी झाल्याशिवाय प्लास्टर करू देऊ नका.

खर्च: दोन रात्री ऐकण्याचे 1,500, नवी लाइन मजुरीसह 13,200, प्लास्टर आणि डेब्रिज 2,800. ऐकण्याचे पैसे मिस्त्री घेतच नव्हते. मी ते बारक्याच्या हातात दिले, आणि मिस्त्रींनी मान डोलावली.

9 एप्रिलला गुढी उभारून झाल्यावर आम्ही दोघं वर गेलो. माझ्या पाकिटात 38,000 चा चेक होता. मी कारण सांगायला सुरुवात केली, पण काकांनी मधेच थांबवलं. म्हणाले, ट्रॅप जुना झाला होता हे खरं आहे, तो कधीतरी बदलायचाच होता. चेक त्यांनी परत केला. काकूंशी बोलून शेवटी 20,000 घ्यायला तयार झाले आणि मला म्हणाले, कमिटीला लेखी कळवा की गळती आमच्या बाथरूमची नव्हती. पैशांपेक्षा त्यांना ते पत्र हवं होतं. फेब्रुवारीच्या इतिवृत्तात त्यांच्या फ्लॅटचा नंबर होता. मी 11 तारखेला पत्र दिलं आणि पुढच्या बैठकीत ते वाचून इतिवृत्तात नोंदवलं गेलं. त्या पत्राची पोचेची प्रत मी स्वतः वर नेऊन दिली.

रंगाची घाई करू नका. लाइन बंद झाली तरी भिंत आतून महिनाभर ओलीच असते, आणि वर रंग लागला की फुगून सुटतो. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा. ओल्या फडक्याने पुसला तर मीठ विरघळून परत आत जातं. आम्ही पंखा लावून, कपाट दूर ठेवून आठ आठवडे थांबलो. सुरुवातीला रविवारच्या रेघा आतल्या बाजूला सरकत गेल्या, मग रेघ मारायला डागच उरला नाही. 1 जूनला रंग दिला. अनामत 8 जूनला परत मिळाली, डेब्रिज उचलल्याची पावती दाखवल्यावर.

ऑगस्टमध्ये त्या कोपऱ्यात बोटभर पांढरी रेघ पुन्हा उमटली. पोटात गोळा आला. बारक्याला फोन केला, तो संध्याकाळी एकटाच आला. आल्या आल्या फ्लशचा कॉक बंद केला, गच्चीवर जाऊन टाकी भरलेली आहे का पाहिली, मग भिंतीला हात लावला. कोरडी होती. आतलं उरलेलं मीठ पावसाळ्याच्या दमट हवेने बाहेर येत होतं. त्याने ब्रशने झाडलं. तरीही माळ्यावर चढून पूर्वी खडूचा गोल होता तिथे ड्रायव्हर टेकवला आणि पूर्ण अर्धा मिनिट ऐकत राहिला.